पुढचा हप्ता मागताना: एक पत्र आम्ही दोनदा का लिहिलं

(पिंप्राळा इथं झालेल्या प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत आपल्या लेखापाल ताईंनी केलेलं हे बोलणं. त्या दिवशी ज्या गटांना येता आलं नाही त्यांच्यासाठी ते इथं छापत आहोत. बैठकीत ताईंनी दोन्ही पत्रं फळ्यावर लिहून दाखवली होती. तीही दिली आहेत.)



आज मला एका पत्राबद्दल बोलायचं आहे. आपल्या पापड आणि कळण्याच्या पिठाच्या प्रकल्पाचा दुसरा हप्ता उशिरा आला, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मागच्या दोन बैठकांत प्रत्येक गटाची एकच विचारणा होती, "काम तं व्हई गयं, मंग पैसा काबर नही उनात?" मी तेव्हा म्हटलं, कागद पाठवलाय, तिकडं अडकलाय. ते अर्धंच खरं होतं. कागद अडकला होता आमच्या लिहिण्यामुळं. आणि लिहिणारी मी होते. म्हणून आज सगळं सांगते, म्हणजे उद्या तुमच्या ग्रामसंघाला असा प्रकल्प मिळाला तर हे तुमच्यावर येऊ नये.

आधी एक फरक लक्षात घ्या. आपल्या गटाला फिरता निधी मिळतो, ग्रामसंघातून समुदाय गुंतवणूक निधी मिळतो. ते पैसे आपण आपसात कर्ज म्हणून फिरवतो, हप्त्यानं परत भरतो, आणि ते संघातच राहतात. प्रकल्पाचं अनुदान तसं नसतं. ते परत करायचं नसतं, पण ज्या कामासाठी दिलं त्याच कामाला ते लागलं हे दाखवावं लागतं. म्हणून देणारे ते एकदम देत नाहीत, हप्त्यानं देतात. पहिल्या हप्त्याचा हिशेब पटला की दुसरा सोडायचा, असं ते असतं. कर्जात आपल्याला परतफेड विचारतात, इथं हिशेब विचारतात.

आपला प्रकल्प एकूण 6,00,000 रुपयांचा. पहिला हप्ता 2,40,000, दुसरा 2,40,000 आणि शेवटचा 1,20,000. मंजुरीपत्रात एक अट होती, की पहिल्या हप्त्यातले किमान 75 टक्के खर्च झाले की दुसऱ्याची मागणी करता येईल, सोबत उपयोगितेचा गोषवारा जोडावा. पहिला हप्ता 18 एप्रिलला आपल्या खात्यात आला. सप्टेंबर संपेपर्यंत दळणयंत्र बसलं, प्रशिक्षणं झाली, थोडा माल करून बघितला. म्हणून 10 ऑक्टोबरला मी मागणीचं पत्र केलं. अध्यक्षताईंनी सही केली, सचिवताईंनी केली, आणि पाठवून दिलं.

ते पत्र असं होतं. लांबच लांब होतं, मी मधला भाग वाचते.

"महोदय, सविनय सादर करण्यात येते की, आपल्या मोलाच्या सहकार्याने आमच्या प्रभागसंघाने महिला सक्षमीकरणाच्या दिशेने भरीव वाटचाल केलेली असून परिसरातील महिलांचा सदर प्रकल्पास उदंड प्रतिसाद लाभत आहे. 60 महिलांना प्रशिक्षण देण्यात आले असून यंत्रसामग्रीची खरेदी करण्यात आलेली आहे. पहिल्या हप्त्यापैकी रु. 2,31,000 खर्च झालेले असून रु. 9,000 शिल्लक आहेत. तरी पुढील हप्ता लवकरात लवकर मिळावा, ही नम्र विनंती."

ऐकायला कसं वाटतं? छान वाटतं. मलाही छान वाटलं होतं. बरोबर पासबुकाची झेरॉक्स, बिलं आणि हजेरीपट जोडला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्यात नाराजीचा एक शब्द नव्हता, फक्त तीन ओळी होत्या. एक, पत्रात शिल्लक 9,000 आहे, पासबुकात 30 सप्टेंबरला 14,960 आहे, फरक स्पष्ट करावा. दोन, ड्रायरचं बिल आणि साठा नोंदवहीतली नोंद जोडलेली नाही. तीन, पत्रात 60 महिला आहेत, हजेरीपटावर 52 आहेत.

आता तुम्हीच सांगा, आपण पैसे खाल्ले होते का? एक रुपयाही नाही. पण ज्या माणसानं टेबलावर पत्र आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवलं, त्याला ते कसं कळावं? त्याला तीन ठिकाणी तीन आकडे दिसले. आपल्याकडं आषाढीला रथ निघतो तेव्हा ओढणारे कितीतरी असतात, पण चाकाखाली मोगरी लावणारा असतो, त्यानं लावली की रथ थांबतो. तो रथाचा वैरी नसतो, रथ भलतीकडं जाऊ नये म्हणून तो असतो. त्या तीन ओळी म्हणजे मोगरी होती. ती लावायची वेळ मीच आणली होती.

मग आम्ही दोघीतिघी बसलो, कॅशबुक, पासबुक, व्हाउचरची फाइल घेऊन. एकेक फरक शोधला. तो कसा शोधला तेच मुख्य सांगायचं आहे, म्हणून जरा सावकाश ऐका.

पहिला प्रश्न शिल्लकेचा. पत्रात 9,000, पासबुकात 14,960. फरक 5,960 रुपयांचा. पासबुक वरून खाली वाचत गेलो तर दोन ठिकाणी बँकेनं व्याज जमा केलं होतं, मिळून 1,860 रुपये. ते मी कॅशबुकात लिहिलंच नव्हतं, कारण ते "आपण आणलेले" पैसे नव्हते, बँकेनं आपोआप टाकलेले होते. मग 5,960 मधून 1,860 गेले, राहिले 4,100. हे कुठले? व्हाउचरच्या फाइलमध्ये सापडले. सप्टेंबरच्या शेवटी प्रशिक्षकाला 4,100 चा चेक दिला होता. आपण तो खर्चात लिहिला, पण त्यांनी चेक बँकेत टाकला ऑक्टोबरमध्ये. म्हणजे 30 तारखेला ते पैसे आपल्या वहीतून गेले होते आणि बँकेतून गेले नव्हते. 1,860 आणि 4,100, झाले 5,960. फरक मिटला.

ताईंनो, या कामाला बँक ताळमेळ म्हणतात. अर्धा तास लागतो. तो अर्धा तास मी 10 ऑक्टोबरच्या आधी दिला असता तर पुढचे कितीतरी दिवस वाचले असते. वही आणि पासबुक यांच्यात फरक असणं हा गुन्हा नाही. चेक न वटल्यामुळं, व्याजामुळं, बँकेनं कापलेल्या चार्जेसमुळं फरक असतोच. फरक असताना तो न सांगणं ही चूक आहे.

दुसरा प्रश्न ड्रायरचा, आणि हा जास्त महत्त्वाचा. आपण पापड वाळवायच्या ड्रायरची ऑर्डर दिली होती. किंमत 70,000. कारागिरानं 23,000 आगाऊ घेतले होते, बाकीचे 47,000 मिळाल्यावर ड्रायर देणार होता. मी ते 23,000 खर्चात धरले. मला वाटलं, पैसे गेले म्हणजे खर्च झाला. तसं नाही. पैसे गेले, पण त्याच्या बदल्यात काहीच आलं नव्हतं. बिल नव्हतं, वस्तू नव्हती, साठा नोंदवहीत नोंद नव्हती. त्याला आगाऊ रक्कम म्हणतात, ॲडव्हान्स. उद्या त्यानं ड्रायर दिलाच नाही तर ते पैसे त्याच्याकडून परत मागायचे असतात, म्हणजे ते अजून आपलेच आहेत. म्हणून गोषवाऱ्यात ते खर्चात नाहीत, शिल्लकेत दाखवायचे.

ओळखायचं कसं, ते साधं आहे. कुठल्याही रकमेबद्दल तीन प्रश्न विचारा. वस्तू किंवा काम आपल्याला मिळालं का? त्याचं पक्कं बिल आहे का? वस्तू असेल तर साठा नोंदवहीत चढली का? तिन्ही "हो" असेल तर खर्च. वस्तूच आली नसेल तर ॲडव्हान्स. वस्तू आली आणि बिल नाही, तर आधी बिल आणा, मग लिहा.

आता हिशेब पुन्हा मांडला. ॲडव्हान्स काढला तर खरा खर्च 2,31,000 नव्हताच. तो होता 2,08,000. आता टक्के बघा. 2,40,000 पैकी 2,08,000, म्हणजे जवळपास 87 टक्के. अट किती होती? 75. म्हणजे ॲडव्हान्स खर्चात न घालताही आपण अट पूर्ण केली होती! मी खर्च जास्त दिसावा म्हणून धडपडले आणि त्याची काहीच गरज नव्हती. खरा आकडा लिहिला असता तर पैसे आपल्याला मिळणारच होते. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली.

तिसरा प्रश्न बायांचा. दोन बॅचमध्ये 60 जणींचं प्रशिक्षण ठरलं होतं. पहिल्या बॅचला 30 आल्या. दुसऱ्या बॅचच्या वेळी निंदणीचं काम होतं, आठजणी मजुरी बुडवून येऊ शकल्या नाहीत. हजेरीपटावर 22 सह्या. 30 आणि 22, झाल्या 52. मी पत्रात ठरलेला आकडा लिहिला, झालेला नाही. हात आपोआप तिकडं जातो बघा, मंजुरीपत्र समोर असलं की त्यातलाच आकडा उतरतो. पण आठजणी का आल्या नाहीत, हे सांगण्यात लाज कसली? पावसाळ्यात निंदणी सोडून कोण येईल?

मग आम्ही पत्र नव्यानं लिहिलं. हिशेबाची तारीख मुद्दाम 30 सप्टेंबरच ठेवली, कारण त्यांनी प्रश्न त्याच तारखेच्या आकड्यांवर विचारले होते. तारीख बदलली असती तर सगळे आकडे बदलले असते आणि जुन्या प्रश्नांची उत्तरं हरवली असती. हे ते पत्र. हे पूर्ण वाचते, कारण ते लहान आहे.

"विषय: पापड व कळणा पीठ प्रकल्पाचा दुसरा हप्ता रु. 2,40,000 वितरित करण्याबाबत.
संदर्भ: 1) आपले मंजुरीपत्र. 2) आमचे दि. 10 ऑक्टोबरचे पत्र. 3) त्यावरील आपली विचारणा.

महोदय,
वरील प्रकल्पाचा दुसरा हप्ता रु. 2,40,000 आमच्या प्रकल्प खात्यात वितरित करावा, ही विनंती. 30 सप्टेंबरपर्यंत पहिल्या हप्त्यातील रु. 2,08,000, म्हणजे सुमारे 87 टक्के रक्कम खर्च झाली आहे. मंजुरीपत्रातील 75 टक्क्यांची अट पूर्ण झाली आहे.

आमच्या 10 ऑक्टोबरच्या पत्रात तीन चुका होत्या. त्या अशा दुरुस्त करीत आहोत. ड्रायरसाठी दिलेली आगाऊ रक्कम रु. 23,000 खर्चात धरली होती, ती आता शिल्लकेत दाखवली आहे. बँकेचे व्याज रु. 1,860 नोंदवले नव्हते, ते नोंदवले आहे. प्रशिक्षित महिलांची संख्या 60 लिहिली होती, ती 52 आहे. त्या पत्रातील आकड्यांऐवजी सोबतचा गोषवारा ग्राह्य धरावा.

उरलेल्या 8 महिला शेतीकामामुळे येऊ शकल्या नाहीत. त्यांचे प्रशिक्षण डिसेंबरमध्ये, प्रशिक्षणाच्या शिल्लक रकमेतून घेऊ.

दुसऱ्या हप्त्यातून करावयाची कामे: ड्रायरची उर्वरित रक्कम 47,000, पॅकिंग यंत्र 60,000, दुसऱ्या टप्प्याचे प्रशिक्षण 45,000, उडीद व पॅकिंग साहित्य 55,000, मानधन व प्रवास 33,000, एकूण 2,40,000. नवीन उडीद सध्या बाजारात आहे आणि पापडाचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. उडदाची खरेदी व ड्रायर जानेवारीपूर्वी होणे आवश्यक आहे."

खाली अध्यक्ष, सचिव यांच्या सह्या, आणि गोषवाऱ्यावर माझीही. गोषवारा वेगळ्या कागदावर, एकाच पानाचा:

पहिल्या हप्त्याचा उपयोगिता गोषवारा, 30 सप्टेंबर अखेर

मिळालेली रक्कम (18 एप्रिल): 2,40,000
बँकेचे व्याज: 1,860
एकूण उपलब्ध रक्कम: 2,41,860

खर्च (मंजूर रक्कम कंसात):
दळणयंत्र: 1,18,000 (1,30,000)
प्रशिक्षण: 38,500 (50,000)
कच्चा माल व पॅकिंग: 27,400 (30,000)
मानधन व प्रवास: 24,100 (30,000)
एकूण खर्च: 2,08,000 (2,40,000)

शिल्लक: 33,860
ती अशी: ड्रायरसाठी दिलेली आगाऊ रक्कम 23,000, बँकेतील रक्कम 10,860, हातातली रोख शून्य.

पासबुकाशी ताळमेळ: पासबुकातील शिल्लक 14,960, वजा न वटलेला चेक 4,100, बरोबर 10,860.

बस, एवढंच. आता दोन्ही पत्रं शेजारी ठेवून बघू या, काय बदललं.

पहिल्या पत्रात विनंती सगळ्यात खाली होती, तीही "पुढील हप्ता" एवढीच, किती रुपये ते नाही. नव्या पत्रात विषयातच 2,40,000 आहे आणि पहिल्याच वाक्यात विनंती आहे. त्या टेबलावर अशी पंचवीस पत्रं असतात. आपलं पत्र कोणत्या प्रकल्पाचं, कितवा हप्ता, किती रक्कम, हे वाचणाऱ्याला पहिल्या तीन ओळींत कळलं पाहिजे. नम्रपणा "विनंती" या एका शब्दातही मावतो. सक्षमीकरण, उदंड प्रतिसाद, मोलाचं सहकार्य हे सगळं काढून टाकलं. त्यानं पत्र उद्धट झालं नाही, स्वच्छ झालं.

दुसरा बदल असा, की आपण चूक आपल्याच तोंडानं सांगितली. बैठकीत यावर वाद झाला होता, आठवतंय ना? काहीजणी म्हणाल्या, चूक कशाला लिहायची, नुसता नवीन गोषवारा पाठवा. पण त्यांच्या फाइलमध्ये जुनं पत्र आहेच. दोन पत्रांत दोन वेगळे आकडे आणि कारण कुठंच नाही, असं झालं तर संशय वाढतो. "हे चुकलं होतं, हे बरोबर आहे, यापुढं हेच धरा" असं तीन वाक्यांत लिहिलं की विषय संपतो. त्यांना पुढं त्यांच्या वरच्यांना उत्तर द्यायचं असतं, त्यांनाही आपलं ते वाक्य कामाला येतं.

तिसरा बदल, पुढचे पैसे कशाला हवेत आणि केव्हापर्यंत. पहिल्या पत्रात "लवकरात लवकर" होतं. लवकरात लवकर म्हणजे काय? प्रत्येकजण तेच लिहितो. उडीद सप्टेंबर-ऑक्टोबरला निघतो, त्यानंतर थोडे दिवस बाजारात माल भरपूर असतो. पापड आपण करतो उन्हं तापली की. ही दोन टोकं सांगितली की उशीर झाला तर काय बिघडेल ते त्याला न रागावता कळतं.

आता गोषवाऱ्याची बेरीज मी फळ्यावर का करून दाखवली ते सांगते. तिचा सांगाडा कायम तोच असतो. आधीची शिल्लक, त्यात व्याज, त्यात नवी मिळालेली रक्कम, ही झाली एकूण उपलब्ध रक्कम. त्यातून खर्च वजा केला की शिल्लक. आपला पहिलाच हप्ता होता, म्हणून आधीची शिल्लक नव्हती. पुढच्या वेळी हे 33,860 सगळ्यात वर येतील. केंद्र सरकारचं अनुदान असेल तर सामान्य वित्तीय नियम 2017 मध्ये यासाठी ठरलेला फॉर्म आहे, जीएफआर 12-ए. त्यात हेच रकाने असतात, व्याजासाठी वेगळा रकाना असतो आणि व्याज परत भरलं असेल तर त्याचाही असतो. त्यालाच यूसी म्हणतात, उपयोगिता प्रमाणपत्र. काही कार्यालयं विनियोग प्रमाणपत्र म्हणतात. त्यावर संस्थेच्या प्रमुखाची आणि हिशेब पाहणाऱ्याची, दोघांची सही लागते. इतर देणगीदार आपापला नमुना देतात, पण बेरीज-वजाबाकी हीच असते. एकदा ही जमली की कुठलाही फॉर्म भरता येतो.

आणि गोषवारा वेगळा, अंतिम प्रमाणपत्र वेगळं, हे विसरू नका. हप्ता मागताना जो देतो तो अधेमध्ये केलेला हिशेब आहे. मार्च अखेरीला वर्ष संपलं की लेखापरीक्षण होऊन पक्कं प्रमाणपत्र द्यावंच लागतं. केंद्राच्या नियमात त्याला वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांची मुदत आहे, पण त्याआधी पुढचा पैसा हवा असेल तर आधीच द्यावं लागतं.

शेवट सांगते आणि थांबते. नवं पत्र 12 नोव्हेंबरला गेलं. 2 डिसेंबरला हप्ता जमा झाला. कुठलीही नवी विचारणा आली नाही. पण उडीद आपल्याला डिसेंबरात घ्यावा लागला, तो महाग पडला, आणि त्याच 55,000 मध्ये ठरवल्यापेक्षा कमी पोती आली. ते नुकसान ज्या बाया पापड लाटणार आहेत त्यांचं आहे. माझ्या अर्ध्या तासाच्या आळसाची ती किंमत. म्हणून यापुढं मागणीचं पत्र माझ्या एकटीच्या हातून जाणार नाही. कार्यकारिणीत ते मोठ्यानं वाचायचं, एकीनं पासबुक हातात धरायचं, एकीनं हजेरीपट, एकीनं साठा नोंदवही. प्रत्येक आकडा उच्चारला की जिच्या हातात तो कागद आहे तिनं "बरोबर" म्हणायचं. मग सही. तसा ठराव आज लिहून घेऊ या.

यानंतर ताईंना काही प्रश्न विचारले गेले. त्यातले तीन इथं देत आहोत.

एका ग्रामसंघाच्या सचिवताईंनी विचारलं: आमचे 60 टक्केच खर्च झाले आहेत. मागणी करायची की नाही?

ताई: आधी मंजुरीपत्र काढून अट बघा. 75 लिहिलं असेल तर 60 वर मागून उपयोग नाही, पत्र परत येईल. आणि टक्के वाढवायला घाईघाईनं वस्तू घेऊ नका, ॲडव्हान्स देऊन खर्च दाखवू नका, कुणाकडून जुन्या तारखेचं बिल तर मुळीच आणू नका. ते एकदा सापडलं की पुढचे सगळे हप्ते जातात. त्यापेक्षा साधं पत्र लिहा, की अमुक कारणानं काम मागं आहे, अमुक महिन्यापर्यंत अट पूर्ण होईल, मुदत वाढवून मिळावी. हे पत्र अट मोडायच्या आधी जायला हवं, नंतर नाही.

दुसरा प्रश्न: बँकेचं व्याज आपलं नाही का? आपल्याच खात्यात आलं आहे.

ताई: खातं आपलं, पैसा प्रकल्पाचा, म्हणून व्याजही प्रकल्पाचं. केंद्र सरकारच्या अनुदानावरचं व्याज हिशेब पक्का झाला की सरकारात परत भरावं लागतं. इतर देणारे कधी परत मागतात, कधी त्याच कामाला वापरायला परवानगी देतात. ते मंजुरीपत्रात असतं. नसेल तर लेखी विचारा. तोवर ते दाखवायचं आणि हात लावायचा नाही. म्हणूनच प्रकल्पाचं खातं वेगळं ठेवा. गटाच्या बचतीच्या खात्यात अनुदान मिसळलं तर कोणत्या पैशावर किती व्याज हे बँकही सांगू शकणार नाही.

तिसरा प्रश्न एका मावशींचा: प्रशिक्षणातले 11,500 उरले आहेत आणि ड्रायरला पैसे कमी पडत होते. मग ते तिकडं का नाही वळवले? पैसा तर एकाच प्रकल्पाचा.

ताई: मावशी, घरात आपण तसंच करतो, किराण्यातले डॉक्टरला देतो. इथं चालत नाही. प्रत्येक बाबीला मंजूर रक्कम ठरलेली असते. काही देणारे थोडाफार बदल आपल्या पातळीवर करू देतात, किती ते करारनाम्यात लिहिलेलं असतं. त्याहून जास्त हवं असेल तर खर्चाच्या आधी लेखी परवानगी घ्यायची. आणि त्या 11,500 वर आठजणींचं नाव आहे. त्यांचं प्रशिक्षण झालं की तो पैसा संपेल आणि गोषवाऱ्यात 60 हा आकडा खरा होईल.